इम्प्रूव्हमेंटचा पेपर आणि चार मंडळांचे चार कायदे

पेडण्याहून पत्रादेवी ओलांडली की बांदा, किरणपाणीचा पूल पार केला की आरोंदा. डिचोलीतून लाटंबार्सेच्या वाटेने गेलं की दोडामार्ग, आणि साखळीहून चोर्ला घाट चढून गेलं की बेळगावची वाट. या पट्ट्यातल्या घरांत नातीगोती राज्याची हद्द बघून जुळत नाहीत. त्यामुळे निकाल लागल्यावर एकाच घरात तीन वेगळे सल्ले येतात. मामाची मुलगी सावंतवाडीला शिकली, तिने "श्रेणीसुधारला" बसून गुण वाढवलेले असतात. बेळगावची मावसबहीण सांगते, आमच्याकडे तर एकाहून जास्त परीक्षा असतात, ज्यात जास्त पडतील ते धरतात. शेजारचा मुलगा वाळपईच्या नवोदयातला, म्हणजे सीबीएसईचा, त्याचा नियम आणखी निराळा. तिघेही खरं बोलत असतात. चूक एवढीच होते की एका मंडळाचा नियम दुसऱ्या मंडळाच्या मुलाला लावला जातो, आणि ते लक्षात येतं तेव्हा अर्ज करायची तारीख उलटून गेलेली असते.

इम्प्रूव्हमेंट म्हणजे उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने गुण वाढवण्यासाठी पुन्हा दिलेली परीक्षा. यातला "उत्तीर्ण" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण गोव्यात गोंधळ इथूनच सुरू होतो. गोवा शालान्त मंडळाच्या निकालात एखाद्या विषयात कमी पडलेल्या विद्यार्थ्यापुढे "नापास" लिहीत नाहीत, "नीड्स इम्प्रूव्हमेंट" म्हणतात; बोलताना सगळे "एनआय" म्हणतात. ते वाचून पालकांना वाटतं, मुलाला इम्प्रूव्हमेंटला बसायला सांगितलंय. प्रत्यक्षात त्या मुलाला सप्लिमेंटरीला, म्हणजे पुरवणी परीक्षेला बसून तो विषय आधी सोडवायचा असतो. पुरवणी ही उत्तीर्ण होण्यासाठी असते. इम्प्रूव्हमेंट ही उत्तीर्ण होऊन गेलेल्यासाठी असते. काही मंडळं दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच वेळापत्रकात, एकाच वर्गात बसवतात, त्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही. पण अर्जावरचा रकाना वेगळा असतो, आणि गुण कसे धरायचे याचा नियमही वेगळा. अर्ज भरताना क्लार्कला "पोर इम्प्रूव्हमेंटला बसतंय" एवढंच सांगून भागत नाही. उत्तीर्ण आहे की एनआय आहे, हे आधी सांगायचं.

या परीक्षेबद्दल कोणत्याही मंडळाला विचारायचे प्रश्न तीनच आहेत. कोण बसू शकतो, किती विषयांना, आणि शेवटी कोणते गुण धरणार. पहिले दोन सगळे विचारतात. तिसरा फार थोडे विचारतात, आणि नुकसान होतं ते तिथे.

तो तिसरा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2021 साली कोविडमुळे बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. सीबीएसईने 1 जूनला परीक्षा रद्द केली आणि गुण देण्याचं सूत्र ठरवलं: दहावीच्या गुणांना 30 टक्के वजन, अकरावीला 30 आणि बारावीतल्या चाचण्यांना 40. गोव्यातही त्या वर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा झाल्या नाहीत, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले. दहावीनंतर ज्यांना विज्ञान शाखेकडे किंवा डिप्लोमाकडे जायचं होतं त्यांच्यासाठी वेगळी चाचणी घेऊ, असं गोवा सरकारने जाहीर केलं होतं, कारण सगळ्यांचे गुण वर गेल्यावर निवड कशाने करायची, हा प्रश्न पुढच्या संस्थांना पडला होता.

सीबीएसईच्या सूत्रात एक सवलत होती. ज्यांना सूत्राने मिळालेले गुण पटत नव्हते, त्यांच्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर 2021 मध्ये ऐच्छिक लेखी परीक्षा ठेवली गेली. पण 17 जून 2021 च्या त्या धोरणाच्या 28व्या कलमात शेवटी एक वाक्य होतं: नंतरच्या परीक्षेत पडतील तेच गुण अंतिम. म्हणजे 78 पडले होते, वाढतील म्हणून पेपर दिला आणि 61 आले, तर 78 गेले. मुलांनी ते वाक्य वाचलं नसेल, किंवा वाचून दुर्लक्ष केलं असेल. कारण त्याच वर्षी काही महिने आधी मंडळानेच इम्प्रूव्हमेंटबद्दल असं कळवलं होतं की दोन परीक्षांपैकी ज्यात जास्त गुण पडतील ते धरले जातील. मुलं त्या सवयीने बसली. ऐच्छिक परीक्षेचा निकाल लागला तेव्हा काहींचे गुण आधीपेक्षा खाली आले, आणि आधीच्या गुणांवर मिळालेला कॉलेजचा प्रवेशही अडचणीत आला.

त्यातले काही विद्यार्थी न्यायालयात गेले. "सुकृती आणि इतर विरुद्ध सीबीएसई" या नावाने तो खटला ओळखला जातो. 7 जानेवारी 2022 रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने ते वाक्य रद्द केलं आणि दोनपैकी सरस गुण धरण्याची मुभा विद्यार्थ्यांना दिली. नियम का बदलला याचं पटेल असं कारण मंडळाला देता आलं नाही. मला या खटल्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पेपर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, निकाल त्यानंतर, आणि न्यायालयाचा आदेश जानेवारीत. तोपर्यंत त्या वर्षीचे प्रवेश केव्हाच होऊन गेले होते. नियम विद्यार्थ्याच्या बाजूने लागला तरी वर्ष परत मिळत नाही. म्हणून "कोणते गुण धरणार" याचं उत्तर पेपर द्यायच्या आधी, लेखी मिळालं पाहिजे.

आता आपल्या पट्ट्यातल्या मंडळांकडे एकेक करून बघू.

सिंधुदुर्ग जिल्हा महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या कोकण विभागात येतो. त्याचं कार्यालय रत्नागिरीला आहे. तिथे या प्रकाराला "श्रेणीसुधार" किंवा "गुणसुधार" म्हणतात. सर्व विषयांसह उत्तीर्ण झालेला विद्यार्थीच याला पात्र असतो. एक विषय राहिला असेल तर तो पुनर्परीक्षार्थी, त्याचा अर्ज वेगळा. संधी मोजून दिलेल्या असतात आणि त्या निकालाला लागूनच असतात: आधी लगतच्या दोन परीक्षा मिळत, फेब्रुवारी-मार्च 2025 मध्ये उत्तीर्ण झालेल्यांना तीन देण्यात आल्या, म्हणजे त्याच वर्षीची पुरवणी, पुढची मुख्य परीक्षा आणि तिच्या पाठची पुरवणी. दोन वर्षं नोकरी करून मग गुण वाढवायला यावं, असं इथे चालत नाही. अर्ज ऑनलाइन, पण तो आपल्या शाळेतून किंवा कनिष्ठ महाविद्यालयातूनच. दोडामार्गच्या मुलाने गोव्यात अकरावीला प्रवेश घेतला असला, तरी श्रेणीसुधारचा अर्ज त्याच्या दहावीच्या शाळेतूनच जाणार. हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ती मुलं नव्या कॉलेजच्या खिडकीशी चौकशी करत राहतात.

बेळगावकडे गेलं तर चित्र पुष्कळच सोपं आहे. कर्नाटकाने 2024 पासून पुरवणी आणि इम्प्रूव्हमेंट असे वेगळे कप्पेच काढून टाकले. दहावीला आणि पीयूच्या दुसऱ्या वर्षाला एकाच वर्षात एकाहून जास्त परीक्षा. नापास झालेलाही बसतो, गुण वाढवायचे तोही बसतो, आणि ज्या परीक्षेत जास्त गुण पडले ते ठेवता येतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा सगळ्यात सरळ नियम. शिक्षकांना मात्र सुट्टीतही सुपरव्हिजन आणि पेपर तपासणी करावी लागते, आणि त्यांची तक्रार अगदीच अनाठायी नाही.

सीबीएसईची दहावी 2026 पासून बदलली. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये असं म्हटलं होतं की एका शैक्षणिक वर्षात विद्यार्थ्याला दोनदा बोर्डाची परीक्षा देता यावी, एक मुख्य आणि दुसरी हवी असल्यास गुण वाढवण्यासाठी. त्याला धरून सीबीएसईने जून 2025 मध्ये दोन परीक्षांची पद्धत जाहीर केली. फेब्रुवारीतली पहिली परीक्षा सगळ्यांना सक्तीची. मे महिन्यातली दुसरी ऐच्छिक, आणि उत्तीर्ण विद्यार्थ्याला त्यात जास्तीत जास्त तीन विषयांत गुण वाढवता येतात: विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांतले. दोन्हींतले सरस गुण धरले जातात. शाळेने दिलेले अंतर्गत गुण मात्र वर्षातून एकदाच, ते दुसऱ्यांदा मिळत नाहीत.

या नियमाला एक काटा आहे. पहिली परीक्षा तयारीसाठी सोडून थेट मे महिन्यात बसू, असा विचार काही घरांत होतो. पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या परीक्षेला बसूच शकत नाही. त्याला पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पुन्हा यावं लागतं. दुसरी परीक्षा ही सुधारणेसाठी आहे, पुढे ढकलण्यासाठी नाही.

बारावीला सीबीएसईचा नियम आणखी वेगळा. त्याच वर्षी जुलैमध्ये होणाऱ्या पुरवणीत उत्तीर्ण विद्यार्थ्याला एकाच विषयात गुण वाढवता येतात. एकाहून जास्त विषय हवे असतील तर पुढच्या वर्षीची मुख्य परीक्षा, खाजगी विद्यार्थी म्हणून. तिथेही एक अट आहे: तोपर्यंत त्याने पुढचं शिक्षण सुरू केलेलं नसावं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसून मागच्या दाराने बारावीचे गुण वाढवायचे, याला मंडळाची मान्यता नाही. निकालानंतर अशा विद्यार्थ्याला नवं उत्तीर्ण प्रमाणपत्र मिळत नाही, गुणपत्रक मिळतं.

गोवा मंडळाचं कार्यालय पर्वरीला, आल्त बेती भागात. पेडणे आणि डिचोली तालुक्यातल्या सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांची बहुतेक मुलं याच मंडळाची. उत्तीर्ण होण्यासाठी विषयाला 33 गुण, आणि खेळाडूंसाठी खेळाचे वाढीव गुण, ही इथली ठळक वैशिष्ट्यं. इम्प्रूव्हमेंटचे तपशील मंडळाच्या त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात आणि ते परिपत्रक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे येतं. ते मागून घेण्यात लाजायचं काही कारण नाही. त्यात चार जागा शोधायच्या. पात्रता फक्त याच वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना आहे की मागच्यांनाही. विषय निवडता येतात की सगळेच द्यावे लागतात. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण जुनेच धरणार की तेही नव्याने. आणि जुनी गुणपत्रिका परत करावी लागते का. चौथी जागा सगळ्यात कमी वाचली जाते, पण "कोणते गुण धरणार" याचं खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं: गुणपत्रिका परत घेऊन नवी देणारं मंडळ एक संच ठेवतं, आणि दोन्ही गुणपत्रिका हातात ठेवणारं मंडळ निवड पुढच्या संस्थेवर सोडतं. ज्याला खेळाचे गुण मिळाले होते त्याने पाचवा प्रश्न विचारावा: नव्या बेरजेत ते गुण येणार का. त्या दोन-चार गुणांवर ज्याची टक्केवारी उभी आहे, त्याला हे आधी कळलं पाहिजे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघू. सीबीएसईचंच घेतो, कारण त्याचा प्रत्येक टप्पा नियमात स्पष्ट आहे. समजा डिचोली तालुक्यातली एक मुलगी वाळपईच्या नवोदयातून बारावी विज्ञान झाली. नवोदय जिल्ह्यासाठी असतं, त्यामुळे तिथे पेडण्याची मुलंही असतात. तिला इंजिनियरिंगला जायचंय. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला ठरलेल्या विषयांच्या बेरजेत सर्वसाधारण गटाला किमान 45 टक्के लागतात, राखीव गटाला 40. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून 300 पैकी 135.

तिचे गुण असे: भौतिकशास्त्र 48, त्यात लेखी 24 आणि प्रात्यक्षिक 24. रसायनशास्त्र 47, लेखी 24 आणि प्रात्यक्षिक 23. गणित 37, लेखी 27 आणि अंतर्गत 10. बेरीज 132. तीन गुण कमी. सगळ्या विषयांत उत्तीर्ण आहे, एकूण टक्केवारी इंग्रजी आणि मराठीमुळे बरी दिसते, आणि तरीही दार बंद. घरचे लोक अशा वेळी एकूण टक्क्यांकडे बघून "बरे पडलेत की" म्हणतात. प्रवेशाची समिती फक्त त्या तीन विषयांची बेरीज बघते.

आधी काय करावं? इम्प्रूव्हमेंट नव्हे. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवावी. सीबीएसईने 2025 पासून क्रम बदलला आहे: आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत घ्यायची, ती बघून मग गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. तीन गुणांचा प्रश्न असेल तर बेरजेतली चूक किंवा न तपासलेलं उत्तर यात तो सुटू शकतो. या मार्गाने गुण कमीही होऊ शकतात, आणि कमी झाले तरी तेच धरले जातात. म्हणून प्रत हातात आल्यावर शिक्षकासमोर बसून प्रश्नवार जुळवूनच अर्ज करावा. या अर्जांची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती इम्प्रूव्हमेंटच्या अर्जाआधी संपते. खूप घरांत उलटं होतं: शिकवणी लावली जाते, पेपर देऊन होतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, आधी प्रत मागवायला हवी होती.

प्रतीत चूक निघाली नाही असं धरू. आता विषय निवडायचा, आणि जुलैत एकच मिळतो. पहिला मोह असतो सगळ्यात कमी गुणांचा विषय घेण्याचा, आणि इथे तो मोह योगायोगाने बरोबरही आहे. पण कारण वेगळं. तिन्हींत प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत गुण जुनेच राहतात असं धरून चालायचं, आणि वाढायला जागा फक्त लेखी पेपरात शोधायची. गणिताचा लेखी पेपर 80 चा, तिला 27 मिळाले, म्हणजे 53 गुणांची जागा आहे. भौतिकशास्त्राचा लेखी 70 चा, जागा 46 ची. रसायनशास्त्राचीही 46. तिला हवेत फक्त तीन. म्हणून जागा किती आहे यापेक्षा तीन गुण कुठे खात्रीने मिळतील हे बघायचं. उत्तरपत्रिकेची प्रत इथे पुन्हा उपयोगी पडते: गणितात तिने पायऱ्या लिहून शेवटी उत्तर चुकवलं असेल तर तीन गुण जवळच आहेत. पण पानंच्या पानं कोरी असतील, तर रसायनशास्त्रातलं एखादं प्रकरण नीट पाठ करून तीन गुण मिळवणं सोपं जाईल.

दुसरा विचार बेरजेचा. गणितात दहा वाढले, तर बेरीज 142 होते आणि ती पात्र ठरते. रसायनशास्त्रात दहा वाढले तरी बेरीज तेवढीच. 45 टक्क्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखे. म्हणून ज्या विषयात मुलाची भीती कमी आणि सरावाचं साहित्य हाताशी, तो घ्यावा. हे मी ठामपणे सांगतो, कारण "गणित नीट कर, आयुष्यभर उपयोगी पडेल" असा सल्ला निकालानंतरच्या दोन महिन्यांत द्यायचा नसतो. आता हवेत ते तीन गुण.

तिसरा विचार तारखेचा, आणि हा निर्णायक. जुलैत पेपर, निकाल त्यानंतर. मधल्या काळात प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. पात्रतेची गुणपत्रिका ज्या तारखेपर्यंत दाखवायची असते ती तारीख निकालाच्या आधीची असेल, तर 45 काय, 60 टक्के झाले तरी या वर्षी उपयोग नाही. म्हणून प्रवेश प्रक्रियेची माहितीपुस्तिका उघडून "पुरवणी किंवा इम्प्रूव्हमेंटचा निकाल ग्राह्य" असं काही लिहिलंय का, हे शोधायचं. गोव्यात तंत्रशिक्षण संचालनालयही पर्वरीलाच आहे. डिचोलीहून बसने जाऊन प्रत्यक्ष विचारणं शक्य आहे, आणि अशा बाबतीत फोनपेक्षा ते बरं. उत्तर "नाही" असेल तर जुलैच्या पेपरची घाई करण्यात अर्थ नाही. मग पुढच्या वर्षीची मुख्य परीक्षा, किंवा या वर्षी मये इथल्या सरकारी पॉलिटेक्निकसारख्या ठिकाणी डिप्लोमाचा विचार. डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. बारावी झालेल्या मुलीला हा सल्ला आवडणार नाही. पण वर्ष वाया घालवून 135 गाठण्यापेक्षा तो काही वेळा शहाणपणाचा असतो.

गुण वाढवल्याने काय होत नाही, हेही माहीत हवं. जेईई अॅडव्हान्स्डला बसण्याच्या संधी बारावीला पहिल्यांदा बसलेल्या वर्षापासून मोजल्या जातात, लागोपाठची दोन वर्षं. इम्प्रूव्हमेंट दिली म्हणून ते मोजमाप नव्याने सुरू होत नाही. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत 75 टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 65 टक्के. या मुलांनी सगळे विषय पुन्हा दिले तर दोन निकालांपैकी सरस निकाल धरतात. एक-दोन विषय देऊन ही अट पार करायचा विचार असेल, तर त्या वर्षीच्या पुस्तिकेतली ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण "सगळे विषय" आणि "काही विषय" यांना तिथे सारखं मानलेलं नसतं. नीटसाठी मात्र भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून 50 टक्के पुरतात, राखीव गटाला 40. तिथे निवड नीटच्या गुणांवर होते, बारावीची टक्केवारी फक्त दारातून आत येण्यापुरती. वैद्यकीय प्रवेशाची आस असलेल्या मुलाने 62 चे 70 करायला बारावीचा पेपर पुन्हा देणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. तो वेळ नीटला द्यावा.

दहावीचं गणित याहून थोडं वेगळं. दहावीला कोणी आता 75 टक्क्यांची अट लावत नाही. दहावीचे गुण लागतात ते मुख्यतः अकरावीच्या प्रवेशाला आणि डिप्लोमाच्या यादीला. अकरावीला प्रवेश मिळून गेला असेल, हवी ती शाखा मिळाली असेल, तर दहावीत 71 चे 76 करून पुढे त्याचा काही उपयोग होत नाही. डिप्लोमाच्या गुणवत्ता यादीत मात्र चार-पाच गुणांनी शाखा बदलते, कॉलेज बदलतं. तिथे इम्प्रूव्हमेंटला अर्थ आहे, जर निकाल यादी लागण्याआधी हातात येणार असेल तर. नातेवाइकांच्या तोंडावर सांगायला म्हणून दहावीचा पेपर पुन्हा द्यायला लावणारे पालकही असतात. त्यांच्या मुलांची मला काळजी वाटते.

एक गोष्ट परीक्षकांकडूनच ऐकायला मिळते. पुस्तक किंवा अभ्यासक्रम बदललेल्या वर्षी इम्प्रूव्हमेंटला बसणारी मुलं जुन्या वहीतून अभ्यास करतात आणि पेपर नव्या पुस्तकावरचा येतो. मंडळ बहुतेक वेळा जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी काही संधी ठेवतं, पण त्या मोजक्या असतात. पुढच्या वर्षीच्या मुख्य परीक्षेला बसणाऱ्याने आधी नवं पुस्तक विकत घ्यावं, मग शिकवणीचा विचार करावा.

आणि अर्ज भरताना पावती जपा. इम्प्रूव्हमेंटचा नंबर वेगळा असतो, जुन्या आसनक्रमांकावर नवा निकाल शोधत बसून काही सापडत नाही. गुण वाढले आणि मंडळाने जुनी गुणपत्रिका परत मागितली, तर देण्याआधी तिच्या दोन साक्षांकित प्रती करून घ्या, जमा केल्याची पोच तारखेसह मागा, आणि नवी गुणपत्रिका हातात पडेपर्यंत ती पोच फाइलमध्ये ठेवा. कॉलेजच्या कागदपत्र तपासणीच्या दिवशी जुनी परत केलेली आणि नवी न आलेली, अशा अवस्थेत तेवढाच एक कागद तुमच्या बाजूने असतो.